भोंग्याचा सूर का उतरतो?

एकसुरी भोंगा ७२० हर्ट्झवर वाजवत रुग्णवाहिका सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे, असे मानू. हवेत ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो; गाडी धावल्याने हा वेग बदलत नाही. मात्र सोडलेल्या लहरींच्या मागोमाग गाडी सरकत राहते. त्यामुळे सेकंदभरातल्या ७२० लहरी पुढे ३२० मीटरांत दाटतात, मागे ३६० मीटरभर पसरतात. म्हणून रस्त्याकडेच्या माणसाला गाडी येताना ७२० × ३४०/३२० = ७६५, तर दूर जाताना ७२० × ३४०/३६० = ६८० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. गाडी जवळ येताना सूर चढत जातो, असे अनेकांना वाटते. खरे तर वाढत जाते ती आवाजाची तीव्रता. सूर आधीच चढलेला असतो आणि गाडी शेजारून जाताना झपाट्याने उतरतो. गाडीसोबतच पुढे जाणाऱ्या चालकाला मात्र सतत ७२० हर्ट्झच ऐकू येतात.