अक्षर वाढलं, उकार कापला

अँड्रॉइड १४ पासून फोनवरची अक्षरं दुप्पट, म्हणजे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. ॲप तपासताना आधी तेच करावं. तेही लहानात लहान फोनवर आणि मराठीत. इंग्रजीत ठीक दिसणारं बटण इथे उघडं पडतं. त्याची उंची ठरावीक असेल, तर ‘पैसे’च्या मात्रा वरून कापल्या जातात आणि ‘पुढे’चा उकार खालून. ठरावीकऐवजी किमान उंची दिली, की बटण मजकुराबरोबर वाढतं. मग पडदा सरकवून शेवटचं बटण हाती लागतं का, तेही पाहावं. डार्क मोडची खोडी वेगळीच: पार्श्वभूमी काळी होते, पण थेट काळा रंग दिलेली रक्कम काळीच राहते. खात्यातली शिल्लक गायब दिसली, तर पहिला संशय यावरच घ्यावा.