बटण सोडलं आणि दिवा गेला

एकच बटण असलेला टेबललॅम्प डोळ्यांसमोर आणा. बटण दाबलं की दिवा लागतो आणि बोट उचललं तरी लागलेला राहतो. पुन्हा दाबलं की विझतो आणि बोट उचललं तरी विझलेलाच राहतो. बटण मोकळं असताना दिवा कधी लागलेला असतो, कधी विझलेला. म्हणजे मागे काय झालं होतं हे सर्किटला आठवावं लागतं.

बहुतेक डिजिटल यंत्रांत ही आठवण क्लॉकच्या ठेक्यावर बदलते. इथे क्लॉक नाही. गेटमधून बाहेर आलेली तार परत आत फिरवलेली आहे, आणि बटण हललं की सर्किट त्याच क्षणी, आपल्या वेगाने बदलू लागतं. याला असिंक्रोनस सर्किट म्हणतात. असं एक सर्किट समोर आलं आणि त्याची समीकरणं अशी निघाली, असं समजू:

```
Y1 = y1'·y2·x' + y1·y2' + y1·x
Y2 = x
z  = y1 ⊕ y2
```

x म्हणजे बटण, z म्हणजे दिवा, आणि अक्षरावरचा स्वल्पविराम म्हणजे उलटी किंमत. धाकटे y म्हणजे परत फिरलेल्या तारांवर या घडीला काय आहे ते. थोरले Y म्हणजे तिथे काय असावं असं गेटांचं म्हणणं. म्हणणं आणि प्रत्यक्ष यांत काही नॅनोसेकंदांचं अंतर असतं. दोन्ही जुळले की सर्किट स्थिरावतं.

आता y1y2 च्या चारही जोड्या घ्यायच्या, प्रत्येकीत बटण मोकळं आणि दाबलेलं असं दोनदा Y काढायचं. जोड्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली, स्थिर जागा कंसात टाकल्या, की फ्लो टेबल तयार:

```
अवस्था  y1y2   x=0    x=1    दिवा
  अ      00    (अ)     ब     बंद
  ब      01     क     (ब)    चालू
  क      10    (क)     ड     चालू
  ड      11     अ     (ड)    बंद
```

ही पद्धत डेव्हिड हफमन यांची, १९५४ सालची. फाइली आटोपशीर करणारा हफमन कोड ज्यांचा, तेच हे. तक्ता वाचायचा तो सोंगट्यांच्या पटासारखा: बटण बदललं की सोंगटी आडवी शेजारच्या रकान्यात सरकते, आणि मग कंसातली जागा सापडेपर्यंत उभी फिरते. अ मध्ये बटण दाबा, ब मध्ये थांबाल. सोडा, क. दाबा, ड. सोडा, पुन्हा अ. कागदावर दिवा अगदी हवा तसा वागतो.

जोडणी करून बटण दाबलं, तर दिवा लागतो. बटण सोडलं, तर दिवा जातो!

नावं बाजूला ठेवून आकडे पाहिले की कारण कळतं. ब कडून क कडे जाणं म्हणजे 01 चं 10 होणं. दोन्ही बिट एकदम बदलायला हवेत, आणि दोन गेट कधीच नेमक्या एका क्षणी बदलत नाहीत. कुणीतरी आधी पोचतो, म्हणून याला रेस म्हणतात. y2 आधी खाली आला तर वाटेत 00 लागतं. ते अ चं घर, आणि बटण मोकळं असताना अ स्थिर आहे. सोंगटी तिथेच अडकते. y1 आधी वर गेला तर वाटेत 11, म्हणजे ड लागतं. ड म्हणतो 00 कडे चला, म्हणजे पुन्हा दोन बिटांची शर्यत. तिथे y2 आधी पडला तर नशिबाने क गाठतो, नाहीतर परत 01 वर येऊन पहिले पाढे पंचावन्न.

आधी कोण पोचला यावर शेवटचा मुक्काम ठरत असेल, तर ती क्रिटिकल रेस. दोन्ही वाटा एकाच कंसात संपत असतील, तर रेस असूनही बिघडत नाही. तक्त्यात दोन बिट बदलताना दिसले की लगेच घाबरायचं नाही. दोन्ही वाटांनी बोट फिरवून पाहायचं.

आपल्या सर्किटात y2 ही जवळपास बटणाचीच तार आहे, तर y1 ला तीन गेट ओलांडून यायचं आहे. शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते. ड कडून अ कडे जाताना हेच उलट्या बाजूने घडतं आणि सोंगटी क मध्ये अडकते. सगळी आठवण पुसली जाते आणि दिव्याचं बटण दारावरच्या घंटीचं बटण होऊन बसतं: दाबलं तेवढा वेळच चालू.

इथे हुशार माणसाला सुचतं की y2 च्या तारेत थोडा उशीर घालावा. मलाही हा मोह झाला होता. पण उशीर वाढला की y1 वर-खाली हेलकावे घेऊ लागतो, आणि y2 पडेल त्या क्षणी तो वर होता की खाली यावर सगळं ठरतं. उशीर एका हेलकाव्यापुरता हवा, दोन हेलकाव्यांचा चालत नाही. चिप तापली, व्होल्टेज उतरलं, ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवला, तरी हे गणित हलतं. तपासायला गेलं की दोष गायब होतो, तो बहुधा अशा जागी. बटणाचे पत्रे थरथरून दिवा लुकलुकतो तो आजार वेगळा; त्यात बटण दाबतानाही आणि सोडतानाही गडबड होते. आपल्याकडे गडबड सोडतानाच होते, आणि तक्त्यातल्या दोन्ही दुहेरी उड्या x=0 च्याच रकान्यात आहेत.

खरा इलाज आकडे बदलण्यात आहे. कोण कोणाकडे जातो ते काढा: अ–ब, ब–क, क–ड, ड–अ. हा चौकोन झाला. दोन बिटांच्या चार जोड्याही चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात, फक्त मोजण्याच्या क्रमाने नव्हे. 00, 01, 11, 10 अशा. मूळ चूक आपल्या मोजायच्या सवयीची होती. क ला 11 आणि ड ला 10 दिलं की प्रत्येक पावलाला एकच बिट बदलतो आणि शर्यतच उरत नाही:

```
Y1 = y2·x' + y1·x + y1·y2
Y2 = y1'·x + y2·x' + y1'·y2
z  = y2
```

दिव्यासाठी वेगळं गेटही लागलं नाही. दोन्ही ओळींतली शेवटची पदं हिशेबाने अनावश्यक वाटतील, पण ती काढू नका. x बदलताना x आणि x' क्षणभर दोन्ही शून्य असू शकतात. तेवढ्यात बिट घसरू नये म्हणून ती पदं धरून ठेवतात.

प्रत्येक तक्ता इतका समजूतदार नसतो. तीन अवस्था एकमेकींकडे जात असतील तर त्रिकोण होतो, आणि एकेक बिट बदलत तीन पावलांत कधीच घरी परत येता येत नाही. मग चौथी, मोकळी असलेली जोडी वाटेतला थांबा म्हणून वापरायची: अ कडून क कडे थेट न जाता त्या थांब्यावरून.

आणि आपल्या दिव्यात एक खोट अजून आहे. अ मध्ये बटण दाबलं, y2 वर गेला, पण x' देणारा इन्व्हर्टर सुस्त निघाला, तर y1 ला वाटतं की बटण अजून मोकळंच आहे. तो y2·x' च्या जोरावर वर जातो, मग खरी बातमी पोचते आणि सोंगटी ब ओलांडून थेट ड वर. इथे बटण आणि बिट यांची शर्यत आहे. स्टीफन अंगर यांनी १९५९ साली तिला इसेन्शियल हॅझर्ड म्हटलं. तक्त्यात ती ओळखायची अशी: बटण एकदा बदलून जिथे पोचतो, तिथेच तीनदा बदलूनही पोचतो का? अ वरून एकदा बदललं तर ब, तीनदा बदललं तर ड. त्यामुळे आकडे कसेही वाटले तरी ती या तक्त्यातून जात नाही. तिच्यासाठी परत फिरणाऱ्या तारेत उशीर घालावा लागतो, इन्व्हर्टरला बातमी पोचवायला पुरेल एवढा. इथे तो उशीर जरा जास्त झाला तरी काही बिघडत नाही.