लिव्हर मधोमध असतो तेव्हा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. झाडांनी अडलेले रस्ते मोकळे करायला जे यंत्र राबले त्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो. त्याच्या पुढे रुंद बकेट असते, मागे खोदणारा हात असतो, आणि दोन्ही हलतात ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांमुळे. या तेलाच्या वाटेवर दोन व्हॉल्व्ह महत्त्वाचे. त्यांची ओळख साधारणपणे अशी करून दिली जाते: रिलीफ व्हॉल्व्ह यंत्राचे रक्षण करतो आणि डायरेक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह सिलिंडरला दिशा देतो. कामांची ही वाटणी सोयीची आहे, पण अपुरी आहे. रिलीफ व्हॉल्व्ह कोणत्या क्षणी कोणाला वाचवू शकेल, हे दिशा देणारा व्हॉल्व्हच ठरवतो, असे माझे म्हणणे आहे. हे लक्षात आले नाही तर सर्वांत मोठा धोका नजरेआड राहतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर कोंडलेल्या द्रवातला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो हा पास्कलचा नियम, आणि त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये १७९५ साली घेतले. पुढे पाण्याची जागा तेलाने घेतली. आपल्याला महत्त्वाचा आहे तो पंप.

अशा यंत्रातला गिअर पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. इंजिन जितके फिरेल तितके तेल तो पुढे देणारच, पुढची वाट खुली असो की बंद. दाब निर्माण होतो अडथळ्यामुळे. बकेट मोकळी उचलताना दाब थोडाच असतो. तीच बकेट आडव्या पडलेल्या आंब्याच्या बुंध्याखाली घालून लिव्हर ओढला की दाब चढत जातो. बुंधा हललाच नाही, तर तेलाला कुठेतरी जावेच लागते. नाहीतर पाईप फुटेल, पंपाचे कवच तडकेल किंवा इंजिन बंद पडेल. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगने बैठकीवर दाबून धरलेला एक छोटा शंकू असतो. तेलाचा दाब स्प्रिंगच्या जोराला भारी पडला की शंकू उचलला जातो आणि तेल टाकीकडे वळते. याची तुलना कुकरच्या शिट्टीशी करतात, पण ती एका जागी फसते. कुकरची वाफ बाहेर पडून संपते. इथे पंप चालूच असतो, म्हणून लिव्हर ओढलेला असेपर्यंत सगळे तेल पूर्ण दाबाने त्या फटीतून जात राहते आणि त्या शक्तीची उष्णता होते.

एक हिशेब मांडू. दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाबावर रिलीफ लावला आहे आणि सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर आहे असे धरा. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ढकलण्याची ताकद सुमारे १५.७ टन. दांडा ५ सेंटिमीटर जाडीचा असेल तर दांड्याच्या बाजूला तेलाला कमी जागा मिळते, म्हणून आत ओढण्याची ताकद सुमारे ११.८ टनच भरते. आता पंप मिनिटाला ६० लिटर तेल देत असेल आणि बुंधा हलत नसेल, तर रिलीफमधून सुमारे २० किलोवॅट शक्ती उष्णतेत जाते. १०० लिटर तेलाचे तापमान त्याने मिनिटाला सुमारे ७ अंशांनी चढते. जाणता ऑपरेटर अडलेल्या बकेटवर लिव्हर धरून बसत नाही, तो याच कारणाने.

दिशा देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये नेमक्या मापाच्या भोकात सरकणारा खाचांचा एक दांडा असतो, त्याला स्पूल म्हणतात. लिव्हर एका बाजूला नेला की पंपाचे तेल सिलिंडरच्या एका टोकाला जाते आणि दुसऱ्या टोकाचे तेल टाकीत परतते. उलट नेला की वाटा बदलतात. लिव्हर मधोमध सोडला की अनेक यंत्रांत पंपाचे तेल बिनदाब टाकीत फिरते आणि सिलिंडरची दोन्ही तोंडे बंद होतात. बकेट आहे तिथे थांबते.

इथेच माझा मुद्दा येतो. मुख्य रिलीफ पंपाच्या वाटेवर बसवलेला असतो. लिव्हर ओढलेला असताना पंप आणि सिलिंडर एकाच वाटेवर असतात, म्हणून तो दोघांनाही सांभाळतो. लिव्हर मधोमध आला की ती वाट तुटते. आता वर धरलेल्या बकेटवर झाडाचा शेंडा कोसळला, किंवा बकेट जांभ्याच्या कड्यात अडकलेली असताना चालकाने यंत्र पुढे रेटले, तर सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलाचा दाब २०० च्या कितीतरी वर जाऊ शकतो आणि मुख्य रिलीफला त्याची खबरही लागत नाही. म्हणून धक्का सोसणाऱ्या सिलिंडरांच्या वाटेवर, स्पूल आणि सिलिंडर यांच्या मध्ये, वेगळे रिलीफ व्हॉल्व्ह देतात. ते मुख्य रिलीफपेक्षा थोड्या जास्त दाबावर लावतात, नाहीतर रोजच्या कामातच ते उघडत राहतील. त्यातून एका टोकाचे तेल निसटले की दुसऱ्या टोकाला पोकळी पडते. ती भरायला टाकीकडून तेल ओढून घेणारा एकमार्गी व्हॉल्व्हही सोबत लागतो.

काही कामांत तर रक्षण स्पूलच करतो. बकेट जमिनीवर टेकवून रस्ता सपाट करताना लिव्हर ‘फ्लोट’वर टाकतात. तेव्हा सिलिंडरची दोन्ही टोके टाकीला जोडली जातात, काहीच कोंडले जात नाही आणि बकेट जमिनीच्या चढउतारांबरोबर वरखाली होते. फेरीबोटीचा रॅम्प सिलिंडरवर चालणारा असेल, तर धक्क्यावर टेकल्यानंतर त्यालाही असेच मोकळे सोडावे लागते, कारण गाड्या चढताना बोट दबते आणि लाटेबरोबर हलत राहते.

यावर कामाच्या जागी नेहमीचा आक्षेप असा: एवढे कशाला, मुख्य रिलीफचा स्क्रू थोडा आवळला की ताकद वाढते. वाढते, हे खरे. पण पाईप, सील, पिना आणि इंजिन त्या वाढीव दाबासाठी निवडलेले नसतात. शिवाय पंपच झिजलेला असेल तर स्क्रू आवळून दाब वाढतच नाही. प्रेशर गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये. दोष कुठे आहे ते आधी ओळखता येते. यंत्राच्या सगळ्याच हालचाली मंद आणि कमजोर असतील तर पंप किंवा मुख्य रिलीफ तपासावा. शंकूखाली कचरा अडकला तरी तेल सतत टाकीत निसटत राहते. एकच हालचाल कमजोर असेल तर मुख्य रिलीफला दोष देऊ नये. त्या सिलिंडरचे सील, त्याचा स्वतंत्र रिलीफ किंवा त्याचा स्पूल पाहावा. किनाऱ्यावर सिलिंडरच्या दांड्याकडे खास लक्ष हवे. खाऱ्या हवेने त्याच्या क्रोमच्या मुलाम्याला खड्डे पडले की ते दर फेरीला सील कापतात आणि ओलावा आत शिरतो. तेल दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तोंडे बंद असतील आणि स्वतंत्र रिलीफही असेल, तर उचललेली बकेट सुरक्षितच नाही का? नाही. स्पूल सरकण्यासाठी भोवती बारीक फट ठेवावीच लागते आणि तिच्यातून तेल पाझरते. इंजिन बंद करून उचलून ठेवलेली बकेट हळूहळू खाली येते ती यामुळेही. आणि पाईप फुटला तर दाब वाढत नाही, एकदम पडतो. रिलीफ व्हॉल्व्ह वाढलेल्या दाबावर उघडतो, पडलेल्या दाबापुढे तो काहीच करू शकत नाही. त्यासाठी थेट सिलिंडरवर बसवलेला लॉक व्हॉल्व्ह लागतो, आणि तो प्रत्येक यंत्रावर असतोच असे नाही. तेव्हा उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहू नये. त्याखाली काम करायचेच असेल तर सिलिंडरच्या दांड्यावर लोखंडी सेफ्टी स्ट्रट चढवावा, आणि काम संपल्यावर बकेट जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करावे.