वीस हजार गावांची नावे आणि मध्येच गेलेली वीज

छत्तीसगढच्या राजधानीतील तेलीबांधा हा भाग त्याच नावाच्या तलावामुळे ओळखला जातो. हे नाव हिंदीत आणि मराठीत सारखेच लिहिले जाते. परंतु ते ज्या शहरात आहे, त्या शहराचे नाव मात्र हिंदीत 'रायपुर' आणि मराठीत 'रायपूर' असे लिहितात. अठराव्या शतकात या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली, तेव्हापासून येथे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांना आपल्या गावांची नावे मराठी शुद्धलेखनाप्रमाणे वाचायला मिळावीत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

विकिडेटा हा २०१२ साली सुरू झालेला, सर्वांसाठी खुला असलेला माहितीसंग्रह आहे. त्यात प्रत्येक गावाला Q या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली निरनिराळ्या भाषांतील नावे नोंदवलेली असतात. हिंदी नावापुढे hi आणि मराठी नावापुढे mr अशी खूण असते. आता असे समजा की, तेलीबांध्यात राहणाऱ्या एका स्वयंसेवकाने छत्तीसगढमधील गावांची मराठी नावे या संग्रहात भरण्याचे ठरवले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील गावांची संख्या २० हजारांच्या थोडी वर आहे. आपण सोयीसाठी ती २०,००० धरू. एवढी नावे हाताने भरणे कठीण, म्हणून हे काम बॉटकडे सोपवले जाते. ठरवून दिलेले काम आपोआप, एकामागून एक करीत जाणारा संगणक-कार्यक्रम म्हणजे बॉट.

बॉट वेगवान असला तरी त्याने सर्व्हरवर भार टाकू नये, असा संकेत आहे. विकीसंकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पायविकीबॉट या साधनात put_throttle नावाची मांडणी असते. ती बदलली नाही, तर दोन लेखनांमध्ये १० सेकंदांचे अंतर राहते. २०,००० नावांना प्रत्येकी १० सेकंद म्हणजे २,००,००० सेकंद, अर्थात साडेपंचावन्न तासांहून थोडे अधिक. म्हणजे घरातील संगणक दोन दिवस आणि वर काही तास अखंड चालू राहिला पाहिजे. एवढ्या वेळात वीज जाणार नाही, इंटरनेट तुटणार नाही आणि संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होणार नाही, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. काम मध्येच तुटणारच, असे मानून आखणी केली पाहिजे.

जनगणनेचे काम कसे चालते ते आठवा. संपूर्ण शहर एका प्रगणकाच्या हाती देत नाहीत. त्याचे लहान लहान गट पाडतात आणि कोणता गट पूर्ण झाला याची नोंद ठेवतात. एखादा प्रगणक आजारी पडला, तर फक्त त्याच्या गटाचा प्रश्न उरतो. बॉटचे कामही असेच विभागता येते. आपल्या २०,००० गावांचे ५०० गावांचा एक याप्रमाणे ४० टप्पे होतात. प्रत्येक टप्प्याला सुमारे १ तास २३ मिनिटे लागतात. टप्पा पूर्ण झाला की बॉटने एका लहानशा फाइलमध्ये 'पुढे कोठून सुरुवात करायची' हे लिहून ठेवायचे. या नोंदीला आपण प्रगतीची खूण म्हणू. बॉट पुन्हा सुरू झाला की तो सर्वांत आधी ही खूण वाचतो.

```python
for i in range(pudhil, len(yadi), 500):
    for q in yadi[i:i+500]:
        nav_lihi(q)
    khun_lihi(min(i+500, len(yadi)))
```

येथे yadi म्हणजे गावांच्या क्रमांकांची यादी आणि pudhil म्हणजे खुणेतून वाचलेला आकडा. nav_lihi एका गावाचे नाव लिहिते, तर khun_lihi खूण करते. या चार ओळींतील क्रम महत्त्वाचा आहे: आधी काम, मग खूण. हा क्रम उलटा केला आणि खूण झाल्यानंतर पण काम होण्यापूर्वी वीज गेली, तर बॉट न झालेला टप्पा झालेला समजेल आणि ५०० गावे कायमची वगळली जातील. कोणतीही चूक पडद्यावर दिसणार नाही. 'आधी काम' या क्रमात फार तर एखादा टप्पा पुन्हा केला जाईल.

मग पुन्हा केल्याने नुकसान होते का? हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. मराठी नावाच्या जागी 'रायपूर' हे नाव दोनदा ठेवले, तरी तेथे एकच 'रायपूर' राहते. परंतु लेखाच्या शेवटी एखादी ओळ जोडण्याचे काम असते, तर दुसऱ्या फेरीत तीच ओळ दोनदा उमटली असती. म्हणून nav_lihi ने लिहिण्यापूर्वी प्रत्येक वेळी मूळ नोंद वाचावी आणि mr चे नाव आधीच असेल, तर काही न लिहिता पुढे जावे. या सवयीचा आणखी एक लाभ आहे. कधीकधी नाव सर्व्हरवर जतन होते, पण त्याचे उत्तर आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जोडणी तुटते. लिहिले गेले की नाही, हे अशा वेळी नोंद पुन्हा वाचूनच कळते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, १२,७४० गावे झाल्यावर तेलीबांध्यात वादळामुळे वीज गेली. तोपर्यंत सुमारे ३५ तास काम झालेले आहे. पंचवीस टप्पे पूर्ण झाले आहेत, म्हणून खुणेत १२,५०० हा आकडा आहे आणि सव्विसाव्या टप्प्यातील २४० गावेही झाली आहेत. वीज आल्यावर बॉट यादीतील १२,५०१ व्या गावापासून सुरू होतो. पहिल्या २४० गावांची नावे त्याला आधीच भरलेली आढळतात. तेथे त्याला केवळ वाचायचे असल्यामुळे १० सेकंद थांबावे लागत नाही आणि काही मिनिटांतच तो १२,७४१ व्या गावापाशी पोहोचतो.

वीज नेमकी खूण लिहीत असतानाच गेली तर? फाइल अर्धवट राहील किंवा रिकामी होईल आणि आधीची खूणही हातची जाईल. त्यासाठी नवी खूण आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहितात आणि मग ती जुन्या फाइलच्या जागी ठेवतात. ही अदलाबदल एकाच क्रियेत होते. त्यामुळे आपल्याला एक तर जुनी खूण मिळते किंवा नवी, अर्धी कधीच मिळत नाही.

```python
def khun_lihi(pudhil):
    with open("khun.tmp", "w") as f:
        f.write(str(pudhil))
        f.flush()
        os.fsync(f.fileno())
    os.replace("khun.tmp", "khun.txt")
```

यातील os.fsync ही ओळ अनावश्यक वाटू शकते. पण लिहिलेला मजकूर संगणक काही काळ स्मृतीतच ठेवतो; तो खरोखर डिस्कवर उतरवण्याचा आग्रह ही ओळ धरते. सुरुवातीला file वरील अशा क्रिया वापरण्यासाठी import os लिहावे लागते, हे लक्षात असू द्या.

येथवर सर्व नीट केले, तरी एक चूक पुष्कळांकडून होते आणि ती लवकर लक्षात येत नाही. विकिडेटाला 'मराठी नाव नसलेली छत्तीसगढमधील गावे द्या' असा प्रश्न विचारून यादी मिळवता येते. बॉट पुन्हा सुरू करताना हा प्रश्न पुन्हा विचारला, तर काय होईल? समजा, पहिली ५०० गावे झाली आहेत. त्यांना आता मराठी नाव असल्यामुळे नव्या यादीत ती नाहीत. ती यादी १९,५०० गावांची आहे. खूण सांगते, '५०० सोडून पुढे चला'. बॉट आज्ञाधारकपणे नव्या यादीतील पहिली ५०० गावे सोडतो, आणि त्यांपैकी एकाचेही काम झालेले नसते! म्हणून यादी एकदाच मिळवावी, Q क्रमांकांसह फाइलमध्ये साठवावी आणि काम संपेपर्यंत तीत एका ओळीचाही बदल करू नये. खुणेतील आकड्याला अर्थ आहे तो त्या एका यादीपुरताच.

काही गावांचे काम वीज असूनही होणार नाही. कोठे हिंदी नावच नसेल, तर कोठे दोन नोंदी एकत्र केल्या गेल्या असतील. अशा एका गावासाठी संपूर्ण काम थांबवू नये. त्याचा क्रमांक आणि कारण वेगळ्या फाइलमध्ये लिहून पुढे जावे. मात्र लागोपाठ दहा गावे अयशस्वी झाली, तर बॉटने स्वतःहून थांबावे; तेथे दोष गावांचा नसून बहुधा बॉटचा प्रवेश रद्द झालेला असतो. थांबण्याची ही सोय नसेल, तर खूण पुढे सरकत राहील आणि उरलेली सगळी गावे अयशस्वींच्या यादीत जाऊन पडतील.

टप्पा केवढा असावा, याचे एकच उत्तर नाही. तो फार मोठा घेतला, तर अपघातानंतर तपासणी वाढते. खूण प्रत्येक गावानंतरही करता येते आणि संगणकाला ते जड जात नाही. तरीही ५०० चा टप्पा ठेवण्याचे कारण माणूस आहे. प्रत्येक टप्प्यानंतर त्यातील दहा-वीस नावे डोळ्यांखालून घालणे शक्य असते. आपल्या स्वयंसेवकाने 'पुर' दिसेल तेथे 'पूर' करावे, असा नियम बॉटला दिला आहे, असे धरा. रायपुरचे रायपूर, रामपुरचे रामपूर झाले, ते योग्यच. परंतु रायपुरातच पुरैना नावाचा भाग आहे. याच नावाच्या गावाचे या नियमाने 'पूरैना' होईल आणि ते चुकीचे आहे. नियम शब्दाच्या शेवटी असलेल्या 'पुर'पुरताच हवा होता. असे एखादे नाव पहिल्याच टप्प्याच्या तपासणीत हाती लागले, तर फार तर ५०० नोंदी पुन्हा पाहाव्या लागतात, २०,००० नाहीत. प्रत्येक बदलाच्या सारांशात 'टप्पा ३/४०' असे लिहिलेले असेल, तर सदोष टप्प्यातील बदल शोधून परत फिरवणेही सोपे जाते.

चाळिसावा टप्पा संपल्यावर मूळ प्रश्न विकिडेटाला पुन्हा एकदा विचारावा. या वेळी तो योग्य ठरतो. मराठी नाव अजूनही नसलेल्या गावांची जी यादी येईल, ती अयशस्वींच्या फाइलशी ताडून पाहावी. मध्यंतरी कोणी नवी गावे नोंदवली असतील, तर ती या यादीत जास्तीची दिसतील. परंतु साठवलेल्या मूळ यादीतील एखादे गाव येथे आढळले आणि अयशस्वींच्या फाइलमध्ये ते नसेल, तर कोठेतरी खूण कामाच्या पुढे गेली होती, असे समजून त्या गावाचा टप्पा पुन्हा चालवावा.