पीपीएफमध्ये पाच तारखेचं महत्त्व

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या खात्यावर सध्या वर्षाला 7.1 टक्के व्याज आहे. हे व्याज खात्यात जमा होतं वर्षातून एकदा, 31 मार्चला. पण त्याचा हिशोब मात्र दर महिन्याला मांडला जातो. पाच तारखेचं कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जितकी रक्कम होती, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळतं.

समजा, एखाद्या खातेदाराने वर्षाची कमाल मर्यादा, म्हणजे दीड लाख रुपये, 5 एप्रिलला भरले. त्या दिवसाअखेर पैसे खात्यात असल्याने एप्रिलचंही व्याज धरलं जातं आणि वर्षअखेरीस या रकमेवर 10,650 रुपये जमा होतात. तेच पैसे 6 एप्रिलला भरले, तर पाच तारखेची जुनी शिल्लकच एप्रिलची किमान शिल्लक ठरते. नव्या दीड लाखांवर अकरा महिन्यांचंच व्याज मिळतं आणि 887 रुपये 50 पैसे जातात. पंधरा वर्षं दरवर्षी असंच होत गेलं आणि व्याजदर हाच राहिला, तर चक्रवाढीने हा फरक सुमारे 22 हजार रुपयांवर जातो. करसवलतीसाठी मार्चअखेरीस धावपळ करून पैसे भरणाऱ्यांना सवलत मिळते, पण त्या वर्षाचं त्या रकमेवरचं व्याज शून्य.

दरमहा 12,500 रुपये भरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पगार एक तारखेला होतो आणि बँकेला दिलेली स्थायी सूचना दहा तारखेची असते, तेव्हा प्रत्येक हप्त्याचा एकेक महिना वाया जातो. वर्षाचा तोटा पुन्हा तेवढाच, 887 रुपये 50 पैसे. सूचनेची तारीख दोन किंवा तीन करून घेतली की तो थांबतो.

चेकने भरणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. चेक दिल्याची नव्हे, तो वटल्याची तारीख धरली जाते. चार तारखेला दिलेला चेक सहा तारखेला वटला, तर तो महिना गेलाच. पाच तारखेला सुट्टी असेल तर आधीच्या कामाच्या दिवशीच पैसे भरावेत.

पैसे काढतानाही हाच नियम उलट्या बाजूने लागतो. 25 मेला रक्कम काढली, तर तिच्यावर मेचं व्याज मिळत नाही, कारण महिन्याची किमान शिल्लकच खाली येते. निकड नसेल तर 1 जूनपर्यंत थांबावं, म्हणजे मेचं व्याज पदरात पडतं.

आपलं काय झालं हे पासबुकात कळतं. प्रत्येक भरण्यासमोरची तारीख पाहा. ती वारंवार सहा किंवा त्यानंतरची दिसली, तर पुढच्या महिन्यापासून भरणा पाच तारखेच्या आत आणा.