आरक्षित तिकिटाचे रद्दीकरण : परतावा आणि घड्याळाचा हिशेब

रेल्वेचे निश्चित आरक्षण असलेले तिकीट रद्द केल्यावर खात्यात परत आलेली रक्कम पाहून अनेक प्रवासी बुचकळ्यात पडतात. एकाच गाडीचे, एकाच वर्गाचे तिकीट दोन शेजाऱ्यांनी रद्द केलेले असते. एकाला जवळजवळ सर्व रक्कम परत मिळते आणि दुसऱ्याच्या हाती निम्मीच येते. यात बँकेची किंवा संगणकाची चूक नसते. दोघांनी तिकीट कोणत्या घटकेला रद्द केले, एवढाच काय तो फरक असतो.

या हिशेबाची चौकट रेल्वेच्या तिकीट रद्दीकरण व भाडे परतावा नियम, २०१५ या नियमावलीने घालून दिली. ती १२ नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आली. त्यापूर्वीच्या, म्हणजे जुलै २०१३ पासूनच्या नियमांनुसार गाडी सुटल्यानंतरही दोन तासांपर्यंत निम्मे भाडे परत मिळण्याची सोय होती. २०१५ मध्ये ही सोय बंद झाली आणि ठरावीक शुल्काची रक्कमही दुप्पट झाली. जुन्या सवयीच्या प्रवाशांची फसगत होते ती बहुधा येथेच. गाडी चुकली तर स्थानकावरील खिडकीवर तिकीट देऊन काहीतरी परत मिळेल, ही समजूत तेव्हापासून खरी राहिली नाही.

वजावटीचे चार टप्पे

२०१५ च्या नियमावलीने गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेपासून उलटे मोजत चार टप्पे ठरविले. गाडी सुटण्यास ४८ तासांहून अधिक अवधी असताना तिकीट रद्द केल्यास प्रत्येक प्रवाशामागे एक ठरावीक रक्कम कापली जाई. वातानुकूलित प्रथम वर्गासाठी ती २४० रुपये, वातानुकूलित द्विस्तर शयनयानासाठी २०० रुपये, वातानुकूलित त्रिस्तर शयनयान व वातानुकूलित चेअर कारसाठी १८० रुपये, साध्या शयनयानासाठी १२० रुपये आणि द्वितीय श्रेणीसाठी ६० रुपये होती. भाडे कितीही मोठे असो, या टप्प्यात वजावट तेवढीच.

४८ ते १२ तासांच्या दरम्यान भाड्याच्या २५ टक्के, आणि १२ ते ४ तासांच्या दरम्यान ५० टक्के वजावट ठरविण्यात आली. ४ तासांहून कमी अवधी उरल्यावर निश्चित आरक्षणाच्या तिकिटावर परतावा नाही, असा चौथा टप्पा होता.

मधल्या दोन टप्प्यांना एक महत्त्वाची अट जोडलेली होती. टक्केवारीने येणारी रक्कम त्या वर्गाच्या ठरावीक शुल्काहून कमी असेल, तर ठरावीक शुल्कच कापावयाचे. कमी अंतराच्या प्रवासात या अटीचा परिणाम ठळकपणे दिसतो. साध्या शयनयानाचे ३०० रुपयांचे तिकीट ३० तास आधी रद्द केले, तर २५ टक्क्यांप्रमाणे ७५ रुपये होतात. परंतु किमान शुल्क १२० रुपये असल्याने तेवढेच कापले जातात. म्हणजे अशा तिकिटाच्या बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात काहीच फरक उरत नाही. लांबच्या प्रवासाच्या महागड्या तिकिटाला मात्र ४८ तासांची सीमा फार मोलाची ठरते.

एका कुटुंबाचा हिशेब

हे सारे एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, इंदूर येथे स्थायिक असलेल्या एका मराठी कुटुंबातील चौघांनी शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रात्री १० वाजता सुटणाऱ्या गाडीचे वातानुकूलित त्रिस्तर शयनयानाचे तिकीट काढले. प्रत्येकी भाडे १,६०० रुपये, म्हणजे चौघांचे मिळून ६,४०० रुपये झाले. हिशेब सोपा राहावा म्हणून कर तूर्त बाजूला ठेवू.

गाडीच्या वेळेपासून मागे मोजत गेल्यास ४८ तासांची सीमा बुधवारी रात्री १० वाजता येते, १२ तासांची सीमा शुक्रवारी सकाळी १० वाजता आणि ४ तासांची सीमा त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता. या तीन वेळा कागदावर लिहिल्या की सर्व प्रश्न सुटतो.

कुटुंबाने मंगळवारीच तिकीट रद्द केले असते तर प्रत्येकी १८० रुपयांप्रमाणे ७२० रुपये कापले जाऊन ५,६८० रुपये परत मिळाले असते. गुरुवारी दिवसभरात केव्हाही रद्द केले असते तर भाड्याच्या २५ टक्के, म्हणजे प्रत्येकी ४०० आणि एकूण १,६०० रुपये जाऊन ४,८०० रुपये हाती आले असते. शुक्रवारी दुपारी रद्द केले असते तर निम्मी रक्कम, म्हणजे ३,२०० रुपये मिळाले असते. संध्याकाळी ६ नंतर काहीच मिळाले नसते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वजावट तासागणिक हळूहळू वाढत नाही. ती पायरीसारखी एकदम चढते. बुधवारी रात्री साडेनऊ आणि साडेदहा यांत एका तासाचेच अंतर आहे, परंतु या कुटुंबासाठी त्या तासाची किंमत ८८० रुपये होते. याउलट बुधवारी रात्री ११ वाजता घाईघाईने रद्द केले काय किंवा शुक्रवारी सकाळी ९ वाजता शांतपणे रद्द केले काय, वजावट तीच. म्हणून जाणे अनिश्चित असेल तर पुढची पायरी केव्हा येते हे पाहावे आणि तिच्या थोडे आधी निर्णय घ्यावा.

यावर दोन लहान रकमांचा विचार करावा लागतो. वातानुकूलित वर्गाच्या रद्दीकरण शुल्कावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. वरील उदाहरणात ७२० रुपयांवर ३६ रुपये. तसेच संकेतस्थळावरून तिकीट काढताना घेतलेले सुविधा शुल्क परत मिळत नाही. परताव्याच्या आकड्यात थोडाबहुत फरक दिसतो तो या दोन कारणांमुळे.

सर्वांचे तिकीट रद्द करण्याची गरज नसते

वजावट प्रवाशागणिक होत असल्याने एका तिकिटावरील चौघांपैकी एकाचेच नाव रद्द करता येते. आजीची प्रकृती बिघडली म्हणून तिचे जाणे रहित झाले, तर उरलेल्या तिघांचे आरक्षण अबाधित राहते.

याहूनही काटकसरीचा एक मार्ग आहे. निश्चित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांपैकी कोणाच्या नावे करून घेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज आणि नाते सिद्ध करणारा पुरावा द्यावा लागतो. ही सवलत एका तिकिटावर एकदाच मिळते. आजीऐवजी तिचा मुलगा जाणार असेल तर रद्दीकरणाचा प्रश्नच उरत नाही.

नेहमीच्या हिशेबात न बसणारी तिकिटे

निश्चित झालेल्या तत्काळ तिकिटाला हे टप्पे लागू नाहीत. ते प्रवाशाने स्वतःहून रद्द केल्यास परतावा मिळत नाही. उलटपक्षी, प्रतीक्षा यादीतील किंवा आर.ए.सी. तिकिटावर टक्केवारीची वजावट होत नाही. २०१५ च्या नियमांत अशा तिकिटासाठी गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत प्रवाशामागे ६० रुपये लिपिक शुल्क ठरविलेले होते.

दोष रेल्वेकडे असेल तेव्हा मात्र वजावट होत नाही. गाडीच रद्द झाली तर पूर्ण भाडे परत मिळते आणि ई-तिकिटाची रक्कम आपोआप खात्यात जमा होते. गाडीला तीन तासांहून अधिक विलंब झाला आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तरीही पूर्ण परतावा देय असतो. परंतु तो आपोआप मिळत नाही. ई-तिकीटधारकाने टी.डी.आर. या नावाने ओळखला जाणारा परतावा-दावा गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी संकेतस्थळावर दाखल करावा लागतो. गाडी निघून गेल्यावर, घरी पोहोचून निवांतपणे दावा करू म्हणणाऱ्याचा हक्क जातो. अशा वेळी तिकीट नेहमीच्या पद्धतीने रद्द करण्याची चूकही करू नये, कारण मग सामान्य वजावट लागू होते.

सीमा बदलतात, पद्धत तीच राहते

वेळेच्या या सीमा कायमच्या नाहीत. रिकामी होणारी जागा दुसऱ्या प्रवाशाला देता यावी, हा त्यांमागील हेतू आहे आणि ती जागा आरक्षण तक्ता तयार होण्यापूर्वी सुटली तर देणे सोपे जाते. पूर्वी तक्ता गाडी सुटण्याच्या सुमारे ४ तास आधी तयार होई. शेवटची सीमाही ४ तासांचीच होती, हा योगायोग नव्हे. जुलै २०२५ पासून तक्ता ८ तास आधी तयार करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तक्ता झाल्यावर ई-तिकीट नेहमीच्या मार्गाने रद्द होत नाही, टी.डी.आर. दाखल करावा लागतो. त्यामुळे या बदलाचा परिणाम परताव्यावरही होणे स्वाभाविक होते. जानेवारी २०२६ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांसाठी निराळे टप्पे आले. त्यांत ७२ तासांहून अधिक अवधी असतानाही २५ टक्के, ७२ ते ८ तासांत ५० टक्के वजावट आणि ८ तासांच्या आत परतावा नाही, असे ठरले.

म्हणून तिकीट काढताना त्या गाडीला त्या दिवशी कोणत्या सीमा लागू आहेत, हे रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा १३९ या क्रमांकावर विचारून घ्यावे आणि वरील कुटुंबाप्रमाणे प्रत्येक सीमेचा वार व वेळ तिकिटावरच लिहून ठेवावी.

रक्कम खात्यात येताना

ई-तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे भरले त्याच खात्यात किंवा कार्डावर जमा होतो. तिकीट दुसऱ्याच्या कार्डाने काढले असेल तर रक्कमही त्याच्याकडेच जाते, हे शाखेत विचारणा करणाऱ्या ग्राहकाला कर्मचाऱ्यांनी आधी सांगावे. खिडकीवर काढलेले निश्चित तिकीट वेळेत संकेतस्थळावरून किंवा १३९ वरून रद्द करता येते. पण रक्कम मिळविण्यासाठी मूळ तिकीट आरक्षण खिडकीवर जमा करावेच लागते.

परतावा मिळण्यासाठी कार्ड क्रमांक, पिन किंवा ओ.टी.पी. कोणालाही सांगावा लागत नाही. रक्कम ज्या मार्गाने गेली त्याच मार्गाने परत येत असल्याने हा तपशील नव्याने विचारण्याचे कारणच नसते. परताव्याच्या नावाखाली कोणी तो मागितल्यास ती फसवणूक समजावी आणि तत्काळ आपल्या शाखेला कळवावे.