वऱ्हाडी मुलाखतीचे यंत्रलिखित : लेखनभेद आणि बोलीरूपे

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण यंत्राकडून लिहवून घेतले, तर हाती आलेल्या लेखात एकच शब्द अनेक रूपांत आढळतो. अभ्यासकाने प्रथम ही रूपे का भिन्न आहेत ते ठरवावे; ती एकसारखी करण्याचा विचार त्यानंतरचा होय.

काही भेद केवळ संगणकीय संकेतांचे असतात. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील अर्धा र पुढील दोन प्रकारे नोंदला जातो :

```
U+0931 U+094D
U+0930 U+094D U+200D
```

वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, परंतु शोध घेताना यंत्र त्यांना निराळे शब्द मानते. युनिकोडचे नेहमीचे NFC प्रमाणीकरणही हे दोन क्रम एक करीत नाही. त्यासाठी स्वतंत्र अदलाबदल करावी लागते. तीत उच्चाराला धक्का लागत नसल्यामुळे ती संपूर्ण लेखात निःशंकपणे करता येते.

बोलीरूपांची गोष्ट तशी नाही. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात. उदाहरणादाखल पुढील वाक्य घेऊ : ‘पानी लागलं तं सोयाबीन कायं पडलं, मंग मले भाव भेटला नाही.’ प्रमाण मराठीवर घडलेले यंत्र याचे ‘पाणी लागलं तर सोयाबीन काय पडलं, मग मला भाव भेटला नाही’ असे करू शकते. येथे दोन हानी झाल्या. दाणे काळे पडले हे भाव न मिळण्याचे कारणच लुप्त झाले. आणि ‘मला’ हे रूप वक्त्याच्या नावावर जमा झाले. अशा लेखावरून ‘ले’ व ‘ला’ यांची गणना केली, तर ती वक्त्याच्या बोलीची न होता यंत्राच्या सवयीची होईल.

उलट दिशेने सरसकट ‘य’चा ‘ळ’ करणेही घातक होय. ‘डोया’चे ‘डोळा’ ठीक होते; पण ‘माया वावरात’ म्हणजे ‘माझ्या शेतात’, त्याचे ‘माळा वावरात’ होऊन बसेल. म्हणून बदल अक्षराला न लावता शब्दाला लावावा, आणि संदिग्ध शब्द ध्वनिमुद्रण ऐकूनच ठरवावा.

यासाठी प्रत्येक वाक्याच्या तीन ओळी ठेवाव्यात : यंत्राने दिलेली, ऐकून दुरुस्त केलेली व प्रमाण रूपातील. शोध तिसऱ्या ओळीत घ्यावा, बोलीची गणना दुसरीत करावी, पहिली कधीही पुसू नये. मुलाखतकार व वक्ता यांची वाक्येही वेगळी खुणावावीत. एरवी शहरी प्रश्नकर्त्याचा ‘मला’ गावकऱ्याच्या गणनेत मिसळतो. तरीही एक मर्यादा उरते : पाहुण्यासमोर वक्ता स्वतःच ‘मला’ म्हणू लागला असेल, तर तो त्याचाच उच्चार होय. तो दुरुस्त करण्याचा अधिकार संपादकाला नाही.